उमेदवार म्हणतो "मंगळवार ८ चालेल". पण कुठला मंगळवार आणि कुठले ८?

कोथरूडची_गौरी | २७ ऑक्टोबर २०२५, संध्या. ६:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नाहीत आणि मी एक घोळ करून बसले आहे.

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी भरतीचं काम बघते. सध्याचा उमेदवार कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो, वर्षभरात भारतात परतायचं म्हणतोय. आमच्याकडून दोघं मुलाखत घेणार. २४ तारखेला मी त्याला तीन वेळा कळवल्या. मेल इंग्रजीत होता, मजकूर असा:

१. सोमवार ३ नोव्हेंबर, रात्री ९:३० आयएसटी (सकाळी ९:०० पीएसटी)
२. मंगळवार ४ नोव्हेंबर, सकाळी ८:३० आयएसटी (रात्री ८:०० पीएसटी)
३. गुरुवार ६ नोव्हेंबर, रात्री १२:०० आयएसटी (सकाळी ११:३० पीएसटी)

कंसातल्या वेळा मनाने लिहिल्या नव्हत्या. गूगलवर दोन्ही शहरांतलं अंतर बघितलं, साडेबारा तास आलं, तेवढे वजा केले. आज त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "मंगळवार ८ चालेल". मी कॅलेंडरचं आमंत्रण करायला घेतलं आणि हात थांबला. त्याचा मंगळवार की माझा? आणि ८ म्हणजे माझे साडेआठ की त्याचे रात्रीचे ८? परत विचारलं तर वेंधळेपणा वाटेल का? तुम्ही लोक परदेशातल्या माणसाला वेळ कळवताना नेमकं काय लिहिता?

---

फिनिक्सकर | २७ ऑक्टोबर, संध्या. ७:१२

ताई, एवढं काही अवघड नाही. भारतातल्या वेळेतून अर्धा तास कमी करा आणि सकाळचं रात्र, रात्रीचं सकाळ करा. साडेआठ सकाळ म्हणजे इकडे रात्रीचे आठ, आदल्या दिवशीचे. मी नऊ वर्षं ॲरिझोनात आहे, आईला याच हिशोबाने फोन करतो, एकदाही चुकलेलो नाही. तुमचं गणित बरोबर आहे, फक्त आदला दिवस लिहायचा राहिला.

---

मिसळ_पाव_कमी | २७ ऑक्टोबर, संध्या. ७:३०

मूळ प्रश्न वेगळाच आहे. रात्री बारा वाजता मुलाखत ठेवणारी कंपनी पुढे रात्री बारालाच मीटिंगा लावणार. उमेदवाराने पळ काढावा. आमच्याकडे "फक्त दोन आठवडे" म्हणून सुरू झालेला रात्रीचा कॉल दीड वर्ष चालला. बायको म्हणायची, तुझं लग्न माझ्याशी झालंय की टेक्सासशी.

---

कोथरूडची_गौरी | २७ ऑक्टोबर, संध्या. ७:४१

@मिसळ_पाव_कमी, रात्री १२ आमच्या मॅनेजरांची हौस. ते निशाचर आहेत. पण धागा त्यावर नाहीये हो.

---

घटिकापात्र | २७ ऑक्टोबर, रात्री ८:५५

गौरीताई, आमंत्रण अजून पाठवलं नसेल तर हात थांबला ते उत्तमच झालं. तुमच्या तिन्ही ओळींतल्या कंसातल्या वेळा चुकल्या आहेत. दिवसाचं राहू द्या, तासच चुकलेत.

गूगलने साडेबारा तास सांगितलं ते आजचं अंतर आहे. तुमची मुलाखत ३ ते ६ नोव्हेंबरला आहे आणि अमेरिकेत घड्याळं २ नोव्हेंबरला, म्हणजे येत्या रविवारी पहाटे २ वाजता, एक तास मागे जाणार. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात यूटीसीच्या ७ तास मागे, आणि या रविवारपासून ८ तास मागे. त्यामुळे अंतर आज साडेबारा असलं तरी सोमवारपासून साडेतेरा. अंतर बघायचं ते मुलाखतीच्या तारखेचं, मेल लिहायच्या दिवसाचं नाही. हा घोळ वर्षातून दोनदा होतो, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, आणि दर वेळी मेल आधीच्या आठवड्यात लिहिलेला असतो.

गंमत म्हणजे तुम्ही पीएसटी लिहिलंत. ते हिवाळ्याच्या वेळेचं नाव. २४ ऑक्टोबरला तिथे पीडीटी चालू होती. म्हणजे नाव हिवाळ्याचं आणि आकडा उन्हाळ्याचा. उमेदवार काटेकोर असेल तर तो पीएसटी हे नाव धरून आकडा खरा मानणार, आणि तुमच्या आयएसटीच्या आकड्याशी तो जुळणार नाही.

आता "मंगळवार ८" चे किती अर्थ निघतात ते बघा. वेळा रविवारनंतरच्या धरल्या आहेत.

त्याने तुमची पुण्याची वेळ धरली असेल तर पुण्यात मंगळवार सकाळी ८:३०, त्याच्याकडे सोमवार संध्याकाळी ७.

त्याने कंसातले ८ धरले आणि आदला दिवस मनातल्या मनात केला असेल तर त्याच्याकडे सोमवार रात्री ८, पुण्यात मंगळवार सकाळी ९:३०.

त्याने तारीख आणि कंसातले ८ दोन्ही जसेच्या तसे घेतले असतील तर त्याच्याकडे मंगळवार रात्री ८, आणि पुण्यात बुधवार ५ नोव्हेंबर सकाळी ९:३०.

माझा अंदाज तिसरा. माणूस मेल वाचताना कंसात स्वतःची वेळ शोधतो आणि तारीख ओळीच्या सुरुवातीची उचलतो. तुम्ही कंसात तारीख दिलीच नव्हती, मग त्याने दुसरी कुठली घ्यावी?

आणि ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंती आहे. तुमचं ऑफिस उघडं आहे का?

---

कोथरूडची_गौरी | २७ ऑक्टोबर, रात्री ९:०४

अरे देवा. बंद आहे. त्रिपुरी पौर्णिमा म्हणून मी स्वतः सुट्टीवर आहे त्या दिवशी.

---

फिनिक्सकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

थांबा थांबा. माझं अंतर तर वर्षभर साडेबाराच असतं. नोव्हेंबर असो की जून. नऊ वर्षं आईला फोन करतोय म्हटलं ना.

---

घटिकापात्र | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३८

फिनिक्सकर, तुमच्या बाबतीत ते अगदी खरं आहे, कारण ॲरिझोना घड्याळं हलवतच नाही. उत्तरेकडचा नाव्हाहो लोकांचा प्रदेश सोडला तर तुमचं राज्य बारा महिने यूटीसीच्या ७ तास मागे. त्यामुळे उन्हाळ्यात तुमची आणि कॅलिफोर्नियाची वेळ एकच असते आणि हिवाळ्यात तुम्ही त्यांच्या एक तास पुढे जाता. तुमचं सूत्र फिनिक्ससाठी कायम लागू, सॅन होजेसाठी मार्च ते नोव्हेंबरच.

---

फिनिक्सकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५१

खरंच की! सॅन दिएगोचा मेव्हणा थंडीत "अजून सातच वाजलेत रे" म्हणून ओरडतो ते यामुळे होय. मला वाटायचं तो आळशी आहे. (आळशी आहेच, ते वेगळं.)

माझा सल्ला मागे घेतो, गौरीताई.

---

डब्लिनचा_पाऊस | २८ ऑक्टोबर, पहाटे २:१५

माझी कथा सांगतो, म्हणजे कळेल की नुसतं आयएसटी लिहूनही भागत नाही.

मी आयर्लंडमध्ये असतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत भारतातल्या एका कंपनीने मेल टाकला, "दुपारी ३:३० आयएसटी". इथे उन्हाळ्यातल्या वेळेचं नावसुद्धा आयएसटीच आहे, आयरिश स्टँडर्ड टाइम. मला वाटलं, वा, किती विचारी माणसं, माझ्या वेळेत लिहिलंय. साडेतीनला इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. खाली पायजमाच होता. लिंक उघडली तर कुणी नाही. त्यांच्या दुपारच्या साडेतीनला माझ्याकडे सकाळचे ११ वाजले होते, आणि मी आलो तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचे ८. साडेचार तास उशिरा. त्यांनी "उमेदवार आला नाही" असा शेरा मारून विषय बंद केला होता. मी समजावून लिहिलं, पण पुन्हा बोलावलं नाही.

तेव्हापासून मी कुणालाही लिहिताना शहराचं नाव लिहितो. "डब्लिनची वेळ", "पुण्याची वेळ". आयएसटी, सीएसटी या अक्षरांवर माझा विश्वास उरला नाही. सीएसटी म्हणजे शिकागो पण आणि चीन पण. मुंबईकरांसाठी तर स्टेशनच.

---

आदिती_वाकड | २८ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

एवढा त्रास कशाला? वेळ निवडायची लिंक पाठवायची. उमेदवाराला त्याच्या ब्राउजरच्या वेळेत मोकळे रकाने दिसतात, तो टिचकी मारतो, दोघांच्या कॅलेंडरमध्ये आपोआप नोंद. आम्ही दोन वर्षांत एकही वेळ हाताने लिहिलेली नाही.

---

घटिकापात्र | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

@आदिती_वाकड, लिंक चांगलीच, मीही वापरतो. पण लिंक ब्राउजरचं घड्याळ मानते. आमच्या एका उमेदवाराच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर मुख्य कचेरीची वेळ लावलेली होती, न्यूयॉर्कची. तो बसला होता सिॲटलला. त्याला रकाने तीन तास पुढचे दिसले, त्याने "संध्याकाळी ७" निवडले आणि सात वाजता आला. लिंकच्या हिशोबाने त्याची मुलाखत सिॲटलच्या ४ वाजताच होऊन जायला हवी होती. लिंकचं काही चुकलं नव्हतं. पानावर बारीक अक्षरात न्यूयॉर्क लिहिलंही होतं, पण ते वाचतो कोण?

---

सुधीर_काका | २८ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

मी वयाने मोठा म्हणून सांगतो. ज्येष्ठ पदासाठी माणूस बोलवत असाल तर लिंक पाठवू नका. "तुम्हीच या आणि माझ्या फळ्यावरचा रकाना निवडा" असा त्याचा वास येतो. आधी दोन-तीन वेळा मेलमध्ये लिहाव्यात, त्याने एक निवडावी, मग आमंत्रण. आमच्या काळी हे फोनवर ठरायचं, आणि ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपायच्या आत दोन्हीकडे तारीख लिहून घेतलेली असायची.

---

आदिती_वाकड | २८ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

काका, आजकालच्या पंचविशीतल्या मुलांना मेलच अपमान वाटतो. ह. घ्या.

---

कोथरूडची_गौरी | २८ ऑक्टोबर, दुपारी १:०५

लिंकचा पर्याय आमच्याकडे नाही, मॅनेजर आपलं कॅलेंडर कुणाला दाखवत नाहीत. मेलच लिहायचा आहे. मी आत्ता असा मसुदा केलाय, बघा:

"माझ्या आधीच्या मेलमधल्या वेळांत चूक होती, क्षमस्व. तुमच्याकडे २ नोव्हेंबरला घड्याळ बदलतं हे मी धरलं नव्हतं. खालच्या वेळा बदलानंतरच्या आहेत. आधीच्या मेलमधली कुठलीही वेळ कृपया धरू नये.

अ) सॅन होजे: सोमवार ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०० = पुणे: मंगळवार ४ नोव्हेंबर, सकाळी ८:३०
आ) सॅन होजे: मंगळवार ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०० = पुणे: मंगळवार ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०
इ) सॅन होजे: बुधवार ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०० = पुणे: गुरुवार ६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मुलाखत एक तासाची. उत्तरात फक्त अ, आ किंवा इ लिहिलं तरी पुरे."

मध्यरात्र काढून टाकली. मॅनेजर रुसले.

---

घटिकापात्र | २८ ऑक्टोबर, दुपारी २:२०

छान. अक्षरं दिलीत हे सगळ्यात उपयोगी, आता "मंगळवार ८" असं उत्तर यायला जागाच नाही. दोन्हीकडचा वार आणि तारीख दिलीत, महिना अक्षरी लिहिलात. अमेरिकेत महिना आधी लिहितात, तिथे ४/११ म्हणजे ११ एप्रिल, त्यामुळे आकड्यात महिना कधीच नको.

मध्यरात्र काढलीत ते तर फारच बरं झालं. आपण "गुरुवारी रात्री १२" म्हणतो तेव्हा गुरुवारची रात्र संपताना असं धरतो, कारण आपल्या मनात दिवस सूर्योदयाला बदलतो, पंचांगासारखा. कॅलेंडरमध्ये ते १२ शुक्रवारचे. आणि मेल वाचणारा कुणी गुरुवार जिथे सुरू होतो ते १२ समजला, तर चोवीस तासांचा फरक. रात्री उशिरा ठेवायचीच असेल तर ११:३० लिहा, त्यात कुणाचं दुमत होत नाही.

सॅन होजेच्या वेळेची झटपट तपासणी: हिवाळ्यात पुण्यात दुपारी दीड वाजता तिथे मध्यरात्र होते. म्हणजे पुण्याची वेळ दीडच्या आधीची असेल तर तिथे आदली तारीख असायलाच हवी, आणि दीडनंतरची असेल तर तीच तारीख. तुमच्या अ आणि इ सकाळच्या, दोन्हींत तारीख एकने मागे आहे. आ रात्रीची, तारीख एकच. बरोबर बसतंय. उन्हाळ्यात दीडऐवजी साडेबारा धरायचं.

हाताच्या गणितावर भरवसा नसेल तर लिनक्सवर असं विचारा:

```
TZ=America/Los_Angeles date -d 'TZ="Asia/Kolkata" 2025-11-04 08:30'
```

उत्तरात सोमवार ३ नोव्हेंबर, १९:०० आणि पीएसटी दिसेल. त्या तारखेला घड्याळ बदललेलं आहे हे त्याला माहीत असतं. मॅकवरचा date मात्र हे असं घेत नाही.

एक गोष्ट राहिली. त्याला विचारा, त्या आठवड्यात तो सॅन होजेतच आहे ना?

---

नेहा_इन_टेस्टिंग | २८ ऑक्टोबर, दुपारी ३:०८

अवांतर: कॅलेंडरमध्ये शहर शोधताना "सॅन होजे" टाकाल तर कोस्टा रिकाची राजधानी पण येते. तिथे बारा महिने यूटीसीच्या ६ तास मागे. माझी एक मैत्रीण त्यात फसली आहे. यादीत लॉस एंजेलिस निवडा, तेच कॅलिफोर्नियाचं.

---

डब्लिनचा_पाऊस | २८ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

एक मतभेद नोंदवतो. पुण्याची वेळ आधी हवी. आमंत्रण तुमच्या घड्याळाने बनणार, मुलाखत घेणारे तुमचे, शंका आली तर खरी मानायची ती तुमचीच वेळ. माझी वेळ कंसात असली तरी मला चालते, तारखेसकट असली म्हणजे झालं.

---

सुधीर_काका | २८ ऑक्टोबर, संध्या. ५:००

नाही पटत. पाहुण्याचं ताट आधी वाढतात.

---

घटिकापात्र | २८ ऑक्टोबर, संध्या. ५:४४

दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मी उमेदवाराची आधी लिहितो, पण खाली एक ओळ टाकतो, "फरक आढळल्यास पुण्याची वेळ खरी धरावी". आमच्याच ऑफिसात निम्मे लोक उलटं करतात.

---

तुषार_नाशिक | २८ ऑक्टोबर, रात्री ८:१२

आमंत्रणाबद्दल विचारतो. आम्ही भरतीसाठी एक सॉफ्टवेअर घेतलंय, त्यातून आमंत्रणाची फाईल जाते. मागच्या महिन्यात टोरंटोच्या उमेदवाराला सकाळी १० ची मुलाखत पाठवली, त्याच्या कॅलेंडरमध्येही सकाळी १० च दिसली. त्याच्या १० ला तो आला, तोवर इकडे संध्याकाळचे साडेसात. आम्ही वेळ बरोबर टाकली होती. असं कसं?

---

घटिकापात्र | २८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

तुषार, ती फाईल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडा आणि DTSTART ची ओळ शोधा. ती या तिघांपैकी एका रूपात असेल. उदाहरणाला गौरीताईंची मंगळवार सकाळची वेळ घेतो:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20251104T083000
DTSTART:20251104T030000Z
DTSTART:20251104T083000
```

पहिल्या दोन्हींचा अर्थ एकच. पहिलीत भारताची वेळ आणि पट्टा लिहिलाय, दुसरीत शेवटी Z आहे म्हणजे यूटीसी. समोरचं कॅलेंडर दोन्ही नीट त्याच्या वेळेत बदलून घेतं. तिसरीत पट्टाही नाही आणि Z ही नाही. अशी वेळ जिथे उघडाल तिथली होते, पुण्यात साडेआठ, टोरंटोतही साडेआठ. तुमच्या फाईलीत हीच असणार अशी माझी खात्री आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कंपनीचा पट्टा रिकामा राहिलाय का बघा.

गौरीताई, तुम्ही कॅलेंडरमधून थेट आमंत्रण करणार असाल तर हा प्रश्न येणार नाही. फक्त शीर्षकात वेळ लिहू नका. लोक "मुलाखत, ८ वाजता" असं शीर्षक देतात, नंतर वेळ बदलतात आणि शीर्षक तसंच राहतं.

---

तुषार_नाशिक | २९ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

उघडून बघितलं. तिसरीच. सेटिंगमध्ये पट्ट्याचा रकाना कोरा होता. त्या मुलाला मी फोनवर जरा तिरकस बोललो होतो, आता माफीचा मेल लिहितोय.

---

कोथरूडची_गौरी | २९ ऑक्टोबर, सकाळी ११:५५

उत्तर आलं! त्याने "आ" निवडलं. आणि हो, त्याने खरंच त्याची मंगळवारची रात्र धरली होती, म्हणजे आमचा बुधवार, सुट्टीचा दिवस. घटिकापात्र, तुम्हाला एक चकलीचा डबा लागू.

तो आठवडाभर सॅन होजेतच आहे. सध्याची नोकरी सुरू आहे म्हणून त्याला ऑफिसला निघायच्या आधीचे सकाळचे ८ बरे पडतात. आधीचं रात्रीचं त्याने आमच्या सोयीसाठी घेतलं होतं म्हणे. मी आमंत्रण पाठवलं, त्याने स्वीकारलं, आणि त्याच्या कॅलेंडरात काय दिसतंय तेवढं विचारून घेतलं. "मंगळवार ४, सकाळी ८" म्हणाला.

---

मिसळ_पाव_कमी | २९ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

रात्री साडेनऊ म्हणजे तुम्हाला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का? विचारून ठेवा.

---

कोथरूडची_गौरी | २९ ऑक्टोबर, दुपारी १२:१४

दुसऱ्या दिवशी सुट्टीच आहे.

---

कोथरूडची_गौरी | ४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

आत्ताच संपली. उमेदवार ८ ला दोन मिनिटं कमी असतानाच आला. गोंधळ झाला तो आमच्याकडे.

रात्री साडेआठला मी भाकरी थापत होते, तर मॅनेजरांचा फोन. "अगं, मी एकटाच बसलोय, तुझा माणूस कुठे आहे?" त्यांनी आमंत्रण स्वीकारलंच नव्हतं. मेलमधले "सॅन होजे सकाळी ८" एवढंच डायरीत उतरवलं आणि साडेबारा तास मिळवून स्वतःच पुण्याचे साडेआठ काढले. त्याच ओळीत पुढे "पुणे रात्री ९:३०" लिहिलेलं होतं, ते वाचलं नाही. वर मलाच म्हणाले, तू तर साडेबारा म्हणाली होतीस. म्हणाले होते मी, २४ ऑक्टोबरला.

डब्लिनवाले, तुमचा मुद्दा आता पटतोय. आमच्या लोकांसाठी पुण्याची वेळ आधी हवी होती. उमेदवाराला एक मेल आणि आतल्या लोकांना वेगळा, असं करावं का?

---

सुधीर_काका | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

दोन मेल केलेत की दोन वेळा झाल्या. एकच ठेवा आणि मॅनेजरना आमंत्रण स्वीकारायला शिकवा.

---

डब्लिनचा_पाऊस | ५ नोव्हेंबर, दुपारी १:५०

काका, मॅनेजरना शिकवण्यापेक्षा दोन मेल सोपे.

---

फिनिक्सकर | ५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

गौरीताई, पुढची फेरी कधी? मार्चमध्ये असेल तर ८ मार्च २०२६ ला तिकडे घड्याळ परत पुढे जाणार, मी आता बघून ठेवलंय. आणि मेव्हण्याला फोन करून त्याची माफी मागितली. तो झोपला होता.